अडलेली ओळ

दिल्लीला हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात मी पहिल्यांदा गेलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. शाळेची सहल होती. मुलांना धर्मशाळेत निजवण्याची जबाबदारी दुसऱ्या गुरुजींनी घेतली आणि मी एकटाच निसटलो. गुरुवारची संध्याकाळ होती. फुलांच्या आणि अत्तराच्या दुकानांमधून वाट काढीत आत गेलो, तेव्हा संगमरवरी चौकात कव्वाल बसले होते आणि त्यांच्यासमोर माणसांचे दाट वर्तुळ झाले होते.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी थोडा निराशच झालो. माझ्या कानांत कव्वाली म्हणजे बोलपटातली कव्वाली होती. १९६० सालच्या 'बरसात की रात'मधले ते सवाल-जवाब आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी इतके गुणगुणले आहेत की कव्वाली म्हटली की दोन पक्ष, चढाओढ आणि शेवटी कुणाची तरी हार, असे समीकरण मनात बसून गेले होते. इथे तसले काहीच नव्हते. आठ-नऊ माणसे दोन ओळींत बसली होती. गाणे चांगले चालले होते आणि मध्येच ते अडले. एकाच ओळीवर अडले. पुढारी गायक ती ओळ म्हणे, मागचे ती उचलीत, पुन्हा तो म्हणे, पुन्हा मागचे. मी सवयीने घड्याळ पाहिले. अकरा मिनिटे झाली तरी गाडी पुढे सरकेना. माझ्या वर्गातला एखादा मुलगा कविता पाठ म्हणताना असा अडला असता, तर मी त्याला पुढचा शब्द सुचवला असता!

मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारले, "पुढची ओळ विसरले की काय?"

ते हसले नाहीत. त्यांनी नुसते बोटाने दाखवले. वर्तुळाच्या कडेला एक म्हातारे, हडकुळे गृहस्थ बसले होते. मांडीवर दोन्ही हात, डोळे मिटलेले, आणि गालांवरून पाण्याची धार. ओळ परत आली की त्यांची मान किंचित हले, जणू दारावर थाप पडली आणि आतून कुणी तरी हुंकार दिला. त्यांचे रडणे थांबले, त्यांनी पदराने पुसावे तसे उपरण्याने तोंड पुसले, आणि त्याच क्षणी गाणे पुढच्या ओळीवर गेले.

गाणे अडले नव्हते, ते थांबून राहिले होते. हा फरक समजून घ्यायला मला पुढे काही वर्षे लागली, आणि त्या कामी दिल्लीपेक्षा आपल्या वेरूळजवळच्या खुल्दाबादनेच मला अधिक मदत केली. ती हकिगत पुढे येईलच.

आधी गाण्याची बांधणी पाहू. कव्वाल बसतात ते ठरलेल्या पद्धतीने. पुढच्या ओळीत मुख्य गायक आणि त्याचा जोडीदार, बहुधा भाऊ नाही तर मुलगा, त्यांच्यापुढे पेटी. मागे ढोलक किंवा तबला आणि टाळ्या वाजवीत साथ करणारे. ही पेटी अलीकडची, एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेली. त्याआधी सारंगी असे. सुरुवातीला पेटीवर नुसतीच धून वाजते. ऐकणारे सरसावून बसतात, बोलणे थांबते. मग ताल थांबवून मुख्य गायक मोकळ्या आवाजात एखादी रुबाई किंवा शेर म्हणतो. हे एक प्रकारे निवेदन असते: आज कशाविषयी बोलणार आहोत, विरहाविषयी की शरणागतीविषयी, याची चाहूल. मग गाण्याची पहिली ओळ येते, ढोलकवर थाप पडते, टाळ्या सुरू होतात आणि साथीदार ओळ उचलतात. ताल साधेच असतात, बहुधा आठ मात्रांचा केरवा किंवा सहा मात्रांचा दादरा. गाण्यातल्या गुंतागुंतीकडे लक्ष वेधायचे नसते, शब्दांकडे वेधायचे असते.

इथपर्यंत आपल्या भजनासारखेच वाटते. बुवांनी चरण म्हणायचा आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद धरायचे. पण पुढची गंमत शेराच्या बांधणीत आहे. गझलेच्या शेरात दोन ओळी असतात. पहिली ओळ काही तरी मांडते आणि लोंबकळत ठेवते. दुसरी ओळ ते पुरे करते, आणि यमक तिच्यात असते. आता मोठ्या कवीची ओळ घेऊन तिची चिरफाड करण्यापेक्षा उदाहरणापुरता मीच एक ओबडधोबड शेर जुळवतो. कवींनी क्षमा करावी. समजा, पहिली ओळ अशी की, मी गावातली सारी दारे ठोठावून आलो, एकही उघडले नाही. आणि दुसरी ओळ अशी की, आता कळते, कडी आतून मीच घातली होती.

कव्वाल हा शेर एका दमात म्हणून टाकणार नाही. तो पहिली ओळ म्हणेल. साथीदार ती परत म्हणतील. तो ती पुन्हा म्हणेल, या वेळी चाल थोडी वर चढवून. ऐकणारा वाट पाहू लागतो: मग काय झाले? दुसरी ओळ हातात असूनही कव्वाल ती देत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी ताण पुरेसा वाढला की दुसरी ओळ सोडतो, आणि शेवटच्या शब्दांवर सारे साथीदार एकदम कोसळतात. इथे वर्तुळातून एखादा सुस्कारा, एखादा 'वाह' निघतो. कव्वालाचे डोळे त्या क्षणी पेटीवर नसतात. ते माणसांवर असतात. शेर कुणाला लागला?

कुणालाच लागला नाही, तर एकदोनदा म्हणून तो पुढे जातो. कुणाला लागला असे दिसले, की 'तकरार' सुरू होते. मराठीत आपण तक्रार म्हणतो तो शब्द हाच. मुळात त्याचा अर्थ पुन्हा पुन्हा करणे, आणि पुन्हा पुन्हा सांगितले की ते गाऱ्हाणे होते हे ओघानेच आले. आधी दुसरी ओळ पूर्ण परतते. मग तिचा अर्धा भाग, 'आतून मीच घातली होती'. मग आणखी कापून 'आतून मीच'. शेवटी एकच शब्द उरतो, 'मीच'. पुढारी म्हणतो, 'मीच'; मागचे म्हणतात, 'मीच'. पुढारी तो शब्द एकदा आरोपासारखा म्हणेल, एकदा पश्चात्तापासारखा, एकदा केवळ आश्चर्याने. साथीदार मात्र तो दर वेळी तसाच, एकाच ठोक्यावर म्हणतील. टाळीची लय हळूहळू चढते.

आणि मध्येच, शब्द आता घासून गुळगुळीत होतो की काय असे वाटत असताना, कव्वाल 'गिरह' मारतो. गिरह म्हणजे गाठ. चालू ओळ तशीच ठेवून तो बाहेरून दुसराच एखादा शेर किंवा दोहा आणून तिला बांधतो. मूळ गाणे फारसी असेल तर गिरह पुष्कळदा हिंदवीत असते, कारण समोरच्या शंभरातल्या नव्वदांना फारसी येत नसते. आपल्या उदाहरणात तो एखाद्या नव्या नवरीचे चार शब्द आणील: साऱ्या घरभर किल्ली शोधून ती रडली, आणि किल्ली तिच्याच पदराला बांधलेली निघाली. हे म्हणून होताच उसंत न घेता तो पुन्हा 'मीच'वर येतो, आणि फारसी न कळलेल्या माणसालाही तो शब्द कळतो. गिरह चांगली कोणती? जी सुटून मूळ ओळीवर परत येताना ओळ पूर्वीपेक्षा जड झालेली असते. वाईट गिरह लगेच ओळखू येते. ती गायकाचे पाठांतर दाखवते, लोक तिलाच दाद देतात आणि मूळ ओळ विसरतात.

आता साथीदारांचे काम पाहा. पहिल्या दिवशी मला वाटले होते की ते फक्त आवाज भरण्यासाठी आहेत. तसे नाही. खुल्दाबादला एका उरुसात माझी एका म्हाताऱ्या ढोलकवाल्याशी ओळख झाली. सारी हयात त्यांनी दुसऱ्या ओळीत बसून काढली होती. मी त्यांना चाचा म्हणू लागलो आणि ते मला मास्तरसाहेब. मी त्यांना विचारले, "चाचा, तुम्ही तीच ओळ शंभरदा म्हणता, कंटाळा नाही येत?"

ते म्हणाले, "मास्तरसाहेब, आम्ही ओळ धरून बसतो म्हणून तर आमच्या उस्तादला पाहायला फुरसत मिळते. दोन माणसं विहिरीवर गेली, एकानं दोर धरला, तरच दुसरा वाकून आत बघणार ना?"

याहून चांगले स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात मिळाले नाही. एकट्या माणसाने एक ओळ पन्नास वेळा म्हटली तर त्याचा दम जाईल, आणि दम गेला नाही तरी त्याचे लक्ष ओळीतच गुंतून राहील. समूह ओळ जिवंत ठेवतो, म्हणून पुढाऱ्याचे डोळे आणि डोके मोकळे राहते: समोरच्याची मान कशी हलते आहे, लय वाढवावी की धरून ठेवावी, आता गिरह हवी की नुसता शब्द. भजनात मात्र ध्रुपद धरणाऱ्या टाळकऱ्यांबरोबर सारी सभा गाऊ लागते. कव्वालीत श्रोता गात नाही. तो त्या गाण्यातला तिसरा पक्ष आहे, आणि त्याचा जवाब आवाजाने येत नाही, अंगाने येतो: हात वर जाणे, डोळे भरणे, उठून उभे राहणे.

म्हणूनच श्रोत्याची तयारी हा या परंपरेत गाण्याइतकाच मोठा विषय झाला. गाणे ऐकणे याला तिथे 'समा' असा स्वतंत्र शब्द आहे. समा म्हणजे ऐकणे. नाव गाणाऱ्याच्या कृतीवरून पडलेले नाही, ऐकणाऱ्याच्या कृतीवरून पडले आहे. बगदादचे जुनैद दहाव्या शतकाच्या आरंभी वारले. त्यांचे म्हणणे असे सांगतात की समाला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: वेळ, जागा आणि सोबतीचे लोक. तिसरी अट मला फार मोलाची वाटते. शेजारी कोण बसले आहे यावर तुमचे ऐकणे अवलंबून असते. पाहायला म्हणून आलेला, मनात हसणारा एक माणूस वर्तुळात असला तरी वर्तुळ तडकते. (त्या पहिल्या संध्याकाळी घड्याळ पाहणारा तो माणूस मीच होतो, हे इथे कबूल करतो.)

आता ती जुनी घटना सांगतो, जिच्यामुळे चिश्ती लोकांमध्ये अडलेल्या ओळीला इतके गांभीर्य आले. साल १२३५. दिल्लीवर सुलतान अल्तमशचे राज्य होते. त्या वेळचे दिल्लीचे मोठे सूफी म्हणजे अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींचे शिष्य ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी. एका खानकाहमध्ये समाची मैफल होती, आणि कव्वालांनी खुरासानातले संत-कवी अहमद-ए-जाम यांची एक फारसी गझल घेतली. तिच्यातल्या एका शेराचा विषय असा: ईश्वराच्या मर्जीपुढे मान तुकवून जे मारले गेले, त्यांना अदृश्यातून क्षणोक्षणी नवा प्राण मिळत राहतो. पहिल्या अर्ध्यात मरण, दुसऱ्या अर्ध्यात जीवन.

तो शेर ख्वाजांना लागला. ते भान हरपले. त्यांना घरी आणले; शुद्धीवर येत तेव्हा ते तोच शेर म्हणायला सांगत, आणि कव्वाल तो म्हणत राहत. नमाजाची वेळ झाली की ते भानावर येऊन नमाज पढत आणि पुन्हा त्याच शेरात बुडत. असे चार दिवस आणि चार रात्री चालले आणि पाचव्या रात्री ते गेले. हिजरी सनाप्रमाणे ६३३ च्या रबी-उल-अव्वलची ती चौदावी तारीख. मेहरौलीला त्यांचा उरूस त्याच तिथीला भरतो.

पुढच्या पिढ्यांनी या घटनेत आणखी एक धागा विणला. पहिली ओळ म्हटली की ख्वाजांचा प्राण जाऊ लागे आणि दुसरी म्हटली की परत येई, असे सांगतात. हे शब्दशः घेण्याचे कारण नाही. पण शेराच्या बांधणीविषयी एवढे नेमके बोलणे मी दुसरीकडे वाचलेले नाही. पहिली ओळ लोंबकळत ठेवते आणि दुसरी सोडवते, हे आपण वर पाहिले. त्या मैफलीत ते केवळ काव्यशास्त्र राहिले नव्हते. आणि त्या कव्वालांची कल्पना करा! चार दिवस-रात्र आळीपाळीने एकच शेर. इथे एकट्या गायकाचे काम नव्हते. एक दमला की दुसऱ्याने ओळ उचलायची, पण ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही.

तेव्हापासून कव्वालांमध्ये रिवाज पक्का आहे: कुणाला खरोखर 'हाल' आला असेल, तर त्याला ज्या शब्दांवर तो आला ते शब्द सोडायचे नाहीत. तो माणूस आपण होऊन शांत होईपर्यंत ओळ चालू राहिली पाहिजे. मध्येच तोडली तर त्याच्या जिवाला अपाय होईल, अशी श्रद्धा आहे. आणि अशा वेळी एकजण उभा राहिला तर सारी मैफल उभी राहते. अकराव्या शतकातल्या इमाम गझालींनी आपल्या ग्रंथात हा नियम सौजन्य म्हणून सांगितला आहे: सोबत्याला एकटे उभे ठेवू नये. मैफलीचा प्रमुख, म्हणजे शेख, उठला की मग कुणी बसून राहण्याचा प्रश्नच नसतो. तो बसला की सारे बसतात.

यात ढोंगाला जागा नाही काय? भरपूर आहे, आणि ती जुन्यांनी चांगली ओळखली होती. जुनैदांचीच एक गोष्ट सांगतात. त्यांच्या सोबतचा एक तरुण ईश्वराचे नाव ऐकले की किंचाळे. जुनैदांनी त्याला बजावले, पुन्हा असे केलेस तर माझ्याबरोबर राहू नकोस. त्याने स्वतःला आवरायला सुरुवात केली. इतके की त्याच्या केसाकेसातून घाम ठिबके. एक दिवस मात्र त्याच्या तोंडून किंकाळी निघाली आणि तो तिथेच गतप्राण झाला. गोष्ट कठोर आहे, पण तिच्यातली कसोटी सोपी आहे. खरा हाल आवरूनही आवरत नाही. खोट्याला आवरण्याची गरज पडत नाही, तो सोयीच्या जागी येतो. लोकांचे लक्ष आपल्याकडे आहे ना, हे पाहून जो डोलतो त्याचा ताल सहसा टाळ्यांशी अगदी बरोबर जुळतो, असे चाचा म्हणत. ज्याला खरेच लागले आहे त्याची मान तालाच्या थोडी मागेपुढे हलते.

पैशाचाही एक रिवाज पाहण्याजोगा आहे. ज्याला शेर लागला तो कव्वालाच्या अंगावर नोटा उधळत नाही. निदान जिथे जुनी शिस्त शिल्लक आहे तिथे नाही. तो उठतो, शेखांपुढे जाऊन वाकतो आणि नजराणा त्यांच्या हाती देतो. शेखांकडून तो कव्वालाकडे जातो. पैसे गाण्याचे मोल म्हणून द्यायचे नाहीत, वडीलधाऱ्याला भेट म्हणून द्यायचे, हा त्यातला संकेत. कव्वालाला मात्र त्यातूनही एक खूण मिळते: कोणत्या ओळीवर माणूस उठला, हे तो बरोबर टिपून ठेवतो. इथेच घसरण्याची जागा आहे. जो कव्वाल रडणाऱ्या गरिबाला सोडून नोट काढणाऱ्या धनिकाकडे तोंड वळवतो, त्याची मैफल अर्ध्या तासात बाजार होते. शेख जागरूक असला तर हाताच्या एका खुणेने त्याला परत त्या ओळीवर आणतो. म्हणून मैफलीला शेख लागतो. तो नसला तर वर्तुळाला मधला खुंटा नसतो.

कुतुबुद्दीनांच्या परंपरेतले तिसरे पुरुष म्हणजे निजामुद्दीन औलिया. मध्ये बाबा फरीद. निजामुद्दीनांच्या दिल्लीत समाला विरोध वाढला होता. गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात, म्हणजे १३२० ते १३२५ च्या दरम्यान, समा धर्माला धरून आहे की नाही यावर मोठी सभा भरली आणि निजामुद्दीनांना स्वतः जाऊन उत्तर द्यावे लागले. मौलवींच्या भांडणात मी पडत नाही. मला अधिक रस वाटतो तो त्यांनी स्वतःच्या माणसांवर घातलेल्या अटींत. गाणारा प्रौढ पुरुष असावा. ऐकणाऱ्याचे चित्त ईश्वरापाशी असावे. शब्द हलके नसावेत. आणि वाद्ये, चंग-रबाबासारखी, नसावीत. वाद्यांबाबत ते फारच कडक होते. तळहातावर तळहात आपटून टाळी वाजवणेदेखील खेळासारखे दिसते, मग वाद्यांचे तर विचारायलाच नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज त्यांच्याच समाधीपुढे पेटी, ढोलक आणि तळहातांच्या टाळ्या दणाणतात! यात कुणाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंपरा गुरूचा शब्द पाळते आणि मोडते, दोन्ही एकाच प्रेमाने.

त्यांचे काही शिष्य एकदा वाद्यांच्या मैफलीत जाऊन नाचले. जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, आम्ही इतके बुडून गेलो होतो की वाद्ये आहेत की नाहीत ते कळलेच नाही. निजामुद्दीन म्हणाले, हे काही उत्तर नव्हे; असे तर कुठल्याही पापाविषयी सांगता येईल. वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांची कारणे ऐकताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो.

त्यांच्या नावावर समाचे चार प्रकारही सांगितले जातात, आणि ते गाण्याचे प्रकार नाहीत. ऐकणाऱ्याचे मन पूर्णपणे ईश्वराकडे असेल तर समा धर्म्य. बरेचसे तिकडे असेल तर चालण्याजोगा. बरेचसे ऐहिक प्रेमाकडे असेल तर नापसंत. आणि पूर्ण तिकडेच असेल तर निषिद्ध. म्हणजे एकाच सतरंजीवर बसून, एकाच वेळी, एकच ओळ ऐकणारे चौघे चार वेगळ्या गोष्टी करीत असतात. प्रियकराची ओळ बदलत नाही. मग एका सतरंजीवर बसायचे तरी कशाला? त्याचे उत्तर जुनैदांच्या तिसऱ्या अटीत आहे: ज्याचे मन भरकटले आहे त्याला शेजारच्याचे मन ओढून आणते.

आता खुल्दाबाद. निजामुद्दीनांचे बोलणे आपल्यापर्यंत पोचले ते अमीर हसन सिज्जी या कवीमुळे. १३०८ ते १३२२ या काळात ते औलियांच्या बैठकीत जे ऐकत, ते टिपून ठेवीत. त्या पुस्तकाचे नाव 'फवाइद-उल-फुआद'. वाद्यांविषयीचा उपदेश आणि कुतुबुद्दीनांच्या अखेरची हकिगत त्यातच येते. अमीर खुसरो त्यांचे स्नेही. कव्वालीच्या साऱ्या घडणीचे श्रेय खुसरोंना देण्याची पद्धत आहे आणि कव्वाल ते प्राणापलीकडे जपतात. त्या काळच्या लिखाणात मात्र त्याचा इतका स्पष्ट पुरावा नाही, हेही नमूद केले पाहिजे. १३२५ साली औलिया गेले, त्याच वर्षी खुसरोही गेले. मग महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दौलताबादेला हलवली आणि त्या लोंढ्याबरोबर हसन आपल्या मुलखात आले. इथेच वारले. त्यांची कबर खुल्दाबादेत आहे.

औलियांचे दुसरे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही तसेच आले आणि १३३७ साली इथेच गेले. त्यांना समाची इतकी आवड होती, आणि त्यात डुलण्याची त्यांची ढब इतकी वेगळी होती, की त्यांच्या मंडळींना दिल्लीकर 'बुऱ्हाणी' म्हणत. दिल्लीत पंधरावीस मैलांच्या आत वाढलेली ही ऐकण्याची कला घाटावर आली ती अशा माणसांच्या पायांनी.

मी चाचांना बोलपटातल्या आणि तबकडीवरच्या कव्वालीविषयी विचारले होते. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनेक मिनिटे मावत. चाचांनी तरुणपणी शहरातल्या एका ध्वनिमुद्रणात ढोलक वाजवली होती. काचेपलीकडून हाताची खूण झाली, गाणे सुरू झाले, दुसरी खूण झाली, गाणे संपले. "काय चुकलं सांगू?" ते म्हणाले. "काहीच चुकलं नाही. सगळं बरोबर झालं. समोर भिंत होती. भिंत रडत नाही, मग थांबायचं कुणासाठी?"

उरुसाच्या त्या रात्री चाचा स्वतः वाजवीत नव्हते. हात कापू लागले होते. ते माझ्या शेजारी, ऐकणाऱ्यांत बसले होते. पहाटेच्या सुमारास गर्दी पांगली, वर्तुळात पंचवीसतीस माणसे उरली. कव्वाल एका ओळीवर आले आणि तिथेच राहिले. मी इकडेतिकडे पाहिले, कुणाचे डोळे भरले आहेत ते शोधू लागलो. कुणीच दिसेना. दुसऱ्या ओळीतला एक पोरगेला साथीदार माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूला, टक लावून पाहत होता. मी वळलो. चाचांची बोटे गुडघ्यावर ठेका धरीत होती, ती थांबली होती आणि मान मात्र हलत होती, तालाच्या किंचित मागे. या वेळी मी घड्याळ पाहिले नाही.